गडग्याच्या जागी भिंत

मालवण तालुक्यातल्या कुठल्याही वाडीत मे महिन्यात फिरलं, की कोणाच्या तरी दारात चिऱ्यांचा ट्रक रिकामा होताना दिसतो. मुंबईहून आलेल्या चाकरमान्याकडे सुट्टीचे मोजके दिवस असतात आणि मिरगाच्या आधी कंपाउंड उभं करायचं असतं. जेसीबी सकाळी येतो आणि दुपारपर्यंत जुना गडगा बाजूला होतो. पाया खणायला दोरी लावली, की शेजारच्या घरातून कोणीतरी बाहेर येतं आणि विचारतं, ‘दोरी हंयसून खंय लावलास?’ पुढे दहा-पंधरा वर्षं चालणारी दिवाणी प्रकरणं या एका प्रश्नातून सुरू झालेली आहेत.

हे भांडण नेमकं कशातून उपजतं, हे आधी पाहिलं पाहिजे. एरवी शेजारधर्माने वागणारी माणसं अचानक लोभी होत नाहीत. गडगा म्हणजे जांभ्याचे ओबडधोबड दगड चुना-मातीशिवाय एकावर एक रचून केलेलं कुंपण. तो कोरडा उभा राहायचा तर बुडाशी रुंद लागतो. दोन-अडीच फूट रुंदी अगदी सर्रास असते. त्याच्या जागी येणारी चिऱ्याची भिंत मात्र नऊ-दहा इंचांत उभी राहते. अडीच फुटांचा गडगा काढून पाऊण फुटाची भिंत घातली, तर पावणेदोन फुटांची पट्टी मोकळी होते. हद्द नव्वद फूट लांब असेल, तर ही पट्टी सुमारे 157 चौरस फुटांची झाली. एक गुंठा 1089 चौरस फुटांचा, म्हणजे गुंठ्याचा जवळजवळ सातवा हिस्सा. जोवर गडगा उभा होता, तोवर ही जागा दोघांचीही होती आणि कोणाचीच नव्हती. भिंतीची दोरी लावताच ती कोणाची, हे ठरवणं भाग पडतं. भिंत गडग्याच्या मधोमध घालायची, या कडेला की त्या कडेला, हा खरा वाद असतो. तो उघडपणे मांडला जात नाही आणि ‘तू माझ्या जागेत घुसलास’ या शब्दांत बाहेर पडतो.

दुसरी गोष्ट पाण्याची. कोरड्या गडग्यातून पावसाचं पाणी झिरपून पलीकडे जातं. सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि आपल्या वाड्या उतारावर वसलेल्या आहेत. सिमेंटमध्ये बसवलेली चिऱ्याची भिंत हे पाणी अडवते. मग वरच्या अंगाला पाणी तुंबून भिंत फुगते आणि कलंडते, नाहीतर पाणी कडेने वळून खालच्याच्या खळ्यात शिरतं. मे महिन्यात एका फुटासाठी झालेलं भांडण जुलैमध्ये पाण्यासाठी पुन्हा पेटतं. दुसऱ्या वेळी ते जास्त कडू असतं, कारण आता घरात ओल आलेली असते.

म्हणून पहिलं सांगणं असं, की हद्द ठरेपर्यंत गडग्याला हात लावू नका. तो तुमच्या बाजूचा पुरावा आहे आणि शेजाऱ्याच्या बाजूचाही. कोण कुठवर वहिवाटत होतं, हे मोजणीच्या दिवशी भूकरमापकाला गडग्यावरूनच दिसतं. तो एकदा उपसला, की उरतात फक्त दोन घरांच्या दोन आठवणी. काढायचाच असेल तर आधी दोन्ही बाजूंनी टेप लावून फोटो घ्या. घराच्या कोपऱ्यापासून, बावीच्या कठड्यापासून, एखाद्या जुन्या माडापासून गडग्याची आतली आणि बाहेरची कड किती अंतरावर आहे, ते कागदावर उतरवा आणि शक्य असेल तर शेजाऱ्याचीही सही घ्या.

बोलणं कोणी आणि कुठे सुरू करायचं, हे आपल्याकडे फार महत्त्वाचं ठरतं. फोनवरून, मुंबईतल्या भावाच्या मार्फत किंवा गावच्या ग्रुपवर केलेलं बोलणं बिघडतं. मेरेवर उभं राहून केलेलं बोलणं बहुतेक वेळा टिकतं, कारण तिथे बोट दाखवता येतं. चिरे सांगण्याच्या आधी बोलावं. दारात ट्रक उभा असताना केलेली विचारणा समोरच्याला धमकीसारखी वाटते. ‘तात्यानू, भिंत बांधूची म्हणतंय. चिरे उतरवच्या आधी दोघांनी मेरेवरसून एकदा फिरूया,’ एवढं म्हणायला काही खर्च येत नाही.

त्या फेरीत तीन गोष्टी विचारून घ्याव्यात. गडगा कोणाच्या घरातल्या कोणी, कधीच्या सुमारास घातला? मेर त्याच्या मधोमध समजली जाते की एखाद्या कडेने? आणि पाणी, पायवाट, गुरांची वाट कुठून जाते? सोबत दोन्ही घरांना मान्य असलेला एखादा जाणता माणूस घ्यावा. घरातल्या बायकांनाही बोलवावं. पाणी कुठून येतं, पागोळी कुठे पडते आणि कुठल्या वाटेने वर्षानुवर्षं पाणी भरलं गेलं, हे त्यांच्याइतकं नेमकं कोणाला माहीत नसतं आणि हद्दीच्या बैठकांत त्यांनाच विचारलं जात नाही. ‘ह्यो गडगो आमच्या आजोबांनी घातलेलो’ असं दोन्ही बाजूंनी ऐकू येण्याची तयारी ठेवा. दोघांचंही खरं असू शकतं. लांब गडग्याचा वरचा तुकडा एकाने आणि खालचा दुसऱ्याने घातलेला असतो.

काही गावांत अशा वेळी देवाला कौल लावतात, गाऱ्हाणं घालतात. त्याने दोघांची मनं शांत होत असतील तर चांगलंच. पण त्या निकालाची नोंद सरकारी दप्तरात होत नाही आणि पुढची पिढी त्याने बांधली जात नाही. 15 ऑगस्ट 2007 पासून राज्यात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली आणि गावोगाव तंटामुक्ती समित्या झाल्या. जिथे समितीचा अध्यक्ष निःपक्ष आणि दोघांना मानवणारा असतो, तिथे तिच्यासमोर बसण्यात फायदा आहे. पण तिनेही हद्द ‘अंदाजाने’ ठरवू नये. तिने दोघांना मोजणीच्या अर्जावर राजी करावं, एवढं झालं तरी तिचं काम झालं.

आता कागद. डिजिटल सहीचा सातबारा digitalsatbara.mahabhumi.gov.in वर 15 रुपयांत मिळतो. तो काढून लोक शेजाऱ्याला दाखवतात आणि म्हणतात, बघ, माझं क्षेत्र साडेसहा गुंठे. पण सातबारा क्षेत्र सांगतो, रेषा कुठून जाते ते सांगत नाही. ते नकाशा सांगतो. mahabhunakasha.mahabhumi.gov.in वर दिसणारा नकाशा पाहून मोबाइलवर अंतर मोजायचा मोह होतो. तो आवरावा. हजारास एक या प्रमाणाच्या नकाशात अर्ध्या मिलिमीटरची रेषा म्हणजे जमिनीवर अर्धा मीटर. आपला वाद पावणेदोन फुटांचा, म्हणजे त्या रेषेच्या जाडीएवढाच. असा वाद रेषेवर पट्टी ठेवून सुटत नाही.

खरी मापं भूमी अभिलेख खात्याच्या दप्तरात असतात. मूळ मोजणीच्या वेळी जमिनीवर घेतलेली अंतरं ज्यात लिहिली, ते टिपण. क्षेत्र कसं काढलं ते सांगणारं गुणाकार बुक. हिस्से पडले तेव्हाचा फाळणी नकाशा आणि आकारफोड पत्रक. जुनी मापं साखळी आणि आण्यांत असतात. एक साखळी 33 फुटांची, तिचे सोळा आणे, म्हणजे एक आणा दोन फुटांहून किंचित जास्त. तालुक्याच्या उपअधीक्षक, भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज करून या कागदांच्या नकला मागता येतात. त्या मिळाल्याशिवाय मोजणीची फी भरायची घाई करू नये, असं मी आग्रहाने सांगेन. कारण कोकणातली सगळ्यात मोठी अडचण याच टप्प्यावर उघडी पडते.

ती अडचण अशी. सातबाऱ्यावर हिस्सा नंबर 3, हिस्सा नंबर 4 असं लिहिलेलं असतं, पण त्या हिश्श्यांची जमिनीवर मोजणी झालेलीच नसते. पूर्वी भावाभावांनी तोंडी वाटप केलं, तलाठ्याकडे फेरफार झाला, क्षेत्र कागदावर वाटलं गेलं आणि गडगे घालून लोक आपापल्या भागात राहू लागले. दप्तरात सर्व्हे नंबरची बाहेरची हद्द आहे, आतल्या हिश्श्यांच्या रेषा नाहीत. अशा जमिनीत हद्दकायम मोजणी मागितली तर भूकरमापक बाहेरची चौकट दाखवून देतो. तुमच्या आणि शेजाऱ्याच्या मधली रेषा तो दाखवू शकत नाही, कारण ती कुठेच काढलेली नाही. लोक फी भरतात, दिवस घालवतात आणि मग ‘साहेबांनी पैसे खाल्ले’ असं म्हणत परततात. दोष माणसाचा नसतो, कागदच नसतो. हे ओळखायचं सोपं आहे. नकलांच्या अर्जात तुमच्या हिश्श्याचा फाळणी किंवा हिस्सा नकाशा मागा. ‘अभिलेखात उपलब्ध नाही’ असं उत्तर आलं, की समजायचं, आधी पोटहिस्सा मोजणी हवी. त्यासाठी सातबाऱ्यावरच्या सगळ्या सहहिस्सेदारांची संमती लागते. त्यात मुंबई, पुणे, वडोदरा, कुठे कुठे विखुरलेली चुलत घरं येतात, मयताची वारसनोंद राहिलेली असते. संमती मिळत नसेल, तर महसूल संहितेच्या कलम 85 खाली तहसीलदारांकडे वाटपाचा किंवा दिवाणी न्यायालयात वाटपाच्या दाव्याचा मार्ग उरतो. तो लांबचा आहे. पण तो टाळून घातलेली भिंत कधीच सुरक्षित नसते.

हिस्सा नकाशा आहे, असं धरून पुढे जाऊ. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता 1966, कलम 136 नुसार हितसंबंधी व्यक्तीच्या अर्जावरून हद्द आखून देता येते. व्यवहारात आपण याला हद्दकायम मोजणी म्हणतो. अर्ज ई-मोजणीत दाखल होतो. फी क्षेत्र आणि निकड यावर ठरते, आणि आता मोजणीचे नियमित व द्रुतगती असे दोन प्रकार आहेत. अर्ज एकट्याने करता येतो, पण दोघांनी मिळून केला तर त्याचं वजन वेगळं असतं. एकाने आणलेली मोजणी दुसऱ्याला नेहमी ‘त्याची मोजणी’ वाटते. फी दोघांनी अर्धी अर्धी भरली, की निकालाविरुद्ध जाणं माणसाला जड जातं.

लगतच्या सगळ्या कब्जेदारांना नोटीस जाते. अर्जात लगतधारकांचे खरे, चालू पत्ते द्यावेत. पत्त्यात जुना घर क्रमांक टाकून शेजाऱ्याला नोटीस पोचू नये अशी व्यवस्था करणारे महाभाग आहेत. अशी मोजणी पुढे एका आक्षेपाने कोसळते आणि फी, वेळ, शेजार तिन्ही जातं.

मोजणीच्या दिवशी काय होतं, ते पाहण्यासारखं असतं. पूर्वी प्लेन टेबल आणि साखळी असे, आता भूकरमापक ईटीएस यंत्र किंवा रोव्हर घेऊन येतो. तो थेट तुमच्या गडग्याकडे वळत नाही, म्हणून लोक अस्वस्थ होतात. पण तो आधी दप्तराशी जुळणाऱ्या जुन्या खुणा शोधतो. तीन नंबर जिथे मिळतात तिथला दगड, जुना बुरूज, गावच्या शिवेवरची खूण. तिथून तो मोजत आत येतो. मग आजची वहिवाट मोजतो. गडगा, बाव, घर, मोठी झाडं, वाट, सगळं. नंतर दप्तरातली रेषा त्या वहिवाटीवर बसवून बघतो आणि जमिनीवर खुणा दाखवतो. आदल्या दिवशी मेरेवरचं रान साफ केलेलं असेल, चुना आणि खुंट्या तयार असतील, तर काम नीट होतं. रोव्हरला वर मोकळं आभाळ लागतं. दाट माडा-फणसाखाली माप घ्यायला जास्त वेळ जातो, तेव्हा घाई करू नये. कोणत्या खुणेपासून मोजायला सुरुवात केली, हे तिथेच विचारून घ्या. पुढे वाद झाला तर हाच प्रश्न पहिला येतो. तुमचं म्हणणं जबाबात लिहून द्या. पंचनाम्यावर न वाचता सही करू नका आणि रागाने सही नाकारूही नका. हरकत असेल तर हरकत लिहून सही करता येते.

एक नमुना घेऊन हिशेब मांडतो. समजा, हिस्सा 3 वर वरचं घर आहे, हिस्सा 4 वर खालचं घर. दोघांमधला गडगा 27 मीटर लांब. दोन्ही घरांची खात्री, की गडग्याची पलीकडची कड ही आपली हद्द. मोजणी झाली आणि निघालं असं, की दप्तरातली रेषा गडग्याच्या मध्यरेषेला समांतर नाही, तिरकी आहे. वरच्या टोकाला ती मध्यापासून 30 सेंटिमीटर खालच्या घराच्या बाजूला जाते आणि खालच्या टोकाला 45 सेंटिमीटर वरच्या घराच्या बाजूला. म्हणजे वरच्या टोकाकडचे 10.8 मीटर वरच्या घराचा फायदा, उरलेले 16.2 मीटर खालच्याचा. दोन अरुंद त्रिकोण होतात. पहिला 1.62 चौरस मीटर, दुसरा सुमारे 3.65. भिंत गडग्याच्या मध्यरेषेवर घातली, तर खालच्या घराचं निव्वळ नुकसान दोन चौरस मीटर, म्हणजे 22 चौरस फूट. ज्यासाठी वाडी दोन गटांत विभागली गेली, ते क्षेत्र दोन दारांएवढंही भरत नाही.

माझ्या मते अशा वेळी मध्यरेषेवर सरळ भिंत घालणं शहाणपणाचं. तिरक्या रेषेवर घातलेली भिंत मधल्या फणसाच्या बुंध्यात शिरते, बावीच्या कठड्याला लागते. खालच्या घराला 22 चौरस फुटांच्या बदल्यात भिंतीचा मोठा खर्च वरच्याने उचलावा किंवा पाण्यासाठी मोऱ्या त्याच्या मर्जीने ठेवाव्यात. या बोलण्यात मोऱ्यांचा मुद्दा कधीही विसरू नये. दर काही फुटांवर बुडाशी भोक, जुन्या वहाळीच्या जागी जाळी बसवलेली मोरी आणि वरच्या अंगाला पाणी वळवायला चर. भिंत दोघांची असेल तर डागडुजी कोणी करायची, मेरेवरचा फणस कोणाचा, आंबा-फणस वाटून घ्यायचे का, हेही लिहून टाकावं.

लिहायचं कशावर? दोघांना मान्य असलेली, आधी अनिश्चित असलेली हद्द कुठे आहे एवढंच कबूल करायचं असेल, तर समजुतीचा करार मुद्रांकावर करून त्याला मोजणीची ‘क’ प्रत जोडावी, दोन साक्षीदार घ्यावेत. पण नोंदीप्रमाणे एकाची ठरलेली पट्टी दुसऱ्याला द्यायची असेल, तर नोटरीच्या शिक्क्याने ती जात नाही. जमिनीचं हस्तांतर दुय्यम निबंधकाकडे नोंदलेल्या दस्तानेच होतं आणि तिथे तुकडेबंदी कायद्याचाही अडसर येऊ शकतो. सातबाऱ्यावर नाव असलेल्या सगळ्यांच्या सह्या हव्यात. गावात राहणाऱ्या एका भावाने केलेला करार मुंबईच्या तिघांनी मोडलेला आहे, ही गोष्ट तालुक्यातल्या कुठल्याही वकिलाला विचारली तरी तो ओळखेल.

मोजणी पटली नाही तर भांडायला भूकरमापकाच्या घरी जाऊ नये. त्याच्या वरची पायरी म्हणजे निमताना मोजणी.  तिची फी जास्त असते आणि पहिल्या मोजणीत कुठे चूक झाली, हे बोट ठेवून सांगावं लागतं. ‘मान्य नाही’ एवढं पुरत नाही. आणि मोजणीने रेषा दाखवली म्हणून ती ओलांडून बसलेल्याचा गडगा स्वतः पाडण्याचा अधिकार तुम्हाला मिळत नाही. हद्द ठरल्यावर चुकीच्या ताब्यातून माणसाला हटवण्याचा अधिकार कलम 138 ने महसूल अधिकाऱ्याला दिलेला आहे, तुम्हाला नव्हे. हद्दीच्या खुणा उपटणं तर दंडाला पात्र आहे.

इथे एक गोष्ट फार जणांना माहीत नसते. नोंद एकीकडे आणि ताबा दुसरीकडे, असं पिढ्यान्‌पिढ्या चाललं असेल, तर नोंदच जिंकेल असं नाही. मुदतीच्या कायद्याप्रमाणे (1963) उघडपणे, हक्क सांगत, मालकाच्या विरोधात 12 वर्षं अखंड ताबा राहिला, तर मालकाचा ताबा परत मागण्याचा हक्क संपतो. अशा ताबेदाराला स्वतः दावाही लावता येतो, असं सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये रविंदर कौर ग्रेवाल प्रकरणात सांगितलं. पण ताबा परवानगीने असेल, ‘राहू दे रे तुझा गोठा तिथे’ असं म्हणून दिलेला असेल, तर त्याला कितीही वर्षं झाली तरी उपयोग नाही. म्हणून शेजाऱ्याला जागा वापरू देताना ते एका ओळीत लिहून ठेवणं दोघांच्याही भल्याचं असतं.

शेजाऱ्याने कशालाच दाद न देता पाया खणायला घेतला, तर वेळ फार थोडा असतो. त्या दिवशीच तारखेसह फोटो घ्या, पोहोच देणाऱ्या टपालाने लेखी हरकत पाठवा. बांधकामाला परवानगी आहे का, हे विचारा. मालवण शहरात नगर परिषदेला, गावठाणात ग्रामपंचायतीला, बाहेर तहसील कार्यालयाला. तारकर्ली, देवबाग, वायरी, तोंडवळी अशा किनाऱ्यालगतच्या जागेत सीआरझेडचे नियमही लागतात. पर्यटन वाढल्यापासून गाड्या लावण्यासाठी वाळूवर भिंती उठल्या आहेत. तिथे भरतीची रेषा, सरकारी किनारा आणि खासगी जागा यांच्यात गल्लत होते. वाळूत जुने दगडही जागेवर राहत नाहीत. अशा ठिकाणी मोजणीच्या आधी भिंत घातली, तर शेजाऱ्याशी नंतर आणि सरकारशी आधी गाठ पडू शकते.

पोलिसांकडे जाताना अपेक्षा बेताची ठेवावी. मारहाण, धमकी, घुसखोरी असेल तर तक्रार जरूर द्या. पण भिंत कुठे हवी, हे पोलीस ठरवत नाहीत. ते बहुधा अदखलपात्र नोंद करून दिवाणी न्यायालयाचा रस्ता दाखवतात आणि ते बरोबरच आहे. शांतता बिघडेल अशी परिस्थिती असेल, तर कार्यकारी दंडाधिकाऱ्यासमोर प्रकरण जातं. 1 जुलै 2024 पासून ते नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 164 खाली येतं. पूर्वी हेच फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 145 होतं.

भिंतीने शेतीची, बागायतीची वाट किंवा पाण्याचा नैसर्गिक ओघ अडवला असेल, तर मामलेदार न्यायालय कायदा 1906, कलम 5 खाली तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. तो अडवणुकीपासून सहा महिन्यांच्या आत करावा लागतो. भिंत मे महिन्यात झाली आणि त्रास जुलैमध्ये दिसला, तरी मुदतीच्या मोजणीवरून वाद होतो. म्हणून पहिल्या पावसातच फोटो काढून अर्ज द्यावा. घराच्या पागोळीचं पाणी, उजेड, पायवाट यांवर वीस वर्षांच्या उघड वहिवाटीने सुखाधिकार तयार होतो. तो 1882 च्या कायद्यातला हक्क दिवाणी न्यायालयात सिद्ध करावा लागतो.

भिंत थांबवण्याचा खरा उपाय दिवाणी न्यायालयातली तात्पुरती मनाई. मालवणला दिवाणी न्यायालय आहे. तिथे सकृद्दर्शनी हक्क, गैरसोयीचं पारडं आणि भरून न येणारं नुकसान, या तीन गोष्टी दाखवाव्या लागतात. पाया भरून चिऱ्यांचे चार थर चढल्यावर गेलात, तर न्यायालय आधी विचारतं, इतके दिवस काय केलंत? उलट, भिंत घालणाऱ्याला भीती असेल, की शेजारी एकतर्फी मनाई आणेल, तर तो दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 148 अ खाली कॅव्हेट दाखल करू शकतो. तो 90 दिवस टिकतो. दावा चालू असताना न्यायालय बहुतेक वेळा कोर्ट कमिशनर म्हणून भूमी अभिलेखच्या अधिकाऱ्याला मोजणीला पाठवतं. आधी दोघांनी मिळून केलेली मोजणी हाताशी असेल, तर हा टप्पा सोपा होतो. नसेल तर वर्षं इथेच जातात.

दाव्याच्या आधी किंवा मध्येही तालुका विधी सेवा समितीकडे जाता येतं. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि वार्षिक उत्पन्न 3 लाखांपर्यंत असलेल्यांना वकील मोफत मिळतो. चौकशीचा क्रमांक 15100. लोकअदालतीत झालेली तडजोड हुकूमनाम्याइतकी पक्की असते आणि तिच्यावर अपील नसतं. गावातली समजूत टिकेल की नाही अशी धास्ती असेल, तर तीच समजूत लोकअदालतीत नोंदवून घ्यावी. माझ्या मते हद्दीच्या वादाला ही सगळ्यात योग्य जागा आहे. न्यायालयाचा निकाल एकाला रेषा देतो. तडजोडीत मोरी, वाट, फणस, डागडुजी हे सगळं बसवता येतं.

तडजोड झाली नाही आणि निकाल मान्य नाही, तर मालवणहून ओरोसचं जिल्हा न्यायालय आणि तिथून उच्च न्यायालय. पूर्वी त्यासाठी मुंबई गाठावी लागे. 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरचं सर्किट बेंच सुरू झालं आहे आणि सिंधुदुर्ग त्यात येतो. प्रवास कमी झाला, पण प्रत्येक पायरीवर प्रश्न तोच विचारला जातो: मोजणी कोणी केली, कधी केली, शेजारी हजर होता का?

हा अंक हातात पडेल तेव्हा पाऊस संपलेला असेल, मेरेवरचं रान वाळत आलेलं असेल. ज्यांना येत्या मे महिन्यात भिंत घालायची आहे, त्यांनी नकलांचा अर्ज आत्ताच करावा, फाळणी नकाशा आहे का ते पाहावं, शेजाऱ्याला सोबत घेऊन मोजणीची फी भरावी आणि मोजणीची ‘क’ प्रत हातात येईपर्यंत जेसीबीवाल्याला तारीख देऊ नये.